दुसरं कडवं भरायच्या आधी

गणपतीसाठी गाणं रेकॉर्ड करायचं, तर श्रावणातला एखादा उघाडीचा दिवस धरावा. कौलांवर पाऊस लागला की माजघरात माइक लावून उपयोग नाही. पण त्या दिवसाआधी दोन संध्याकाळी कागद घेऊन बसायचं असतं, कारण दुसरं कडवं पहिल्यापेक्षा भरलेलं वाटणार की नाही, हे त्या कागदावरच ठरतं.

सुरुवात पहिल्या कडव्यापासून करा आणि त्यातून काय काढता येतं ते बघा. आमच्या मंडळात सगळ्यांना पहिल्या ओळीपासून वाजवायचं असतं. मग दुसऱ्या कडव्याला वाढायला जागाच उरत नाही, आवाज तेवढा चढत जातो. पहिल्यात गाणारा आणि पेटी, बस. पेटीसुद्धा चालीमागे धावणारी नको, लांब धरलेले सूर पुरेत. मृदंगवाल्याची समजूत आदल्या दिवशी काढून ठेवा, ऐन वेळी रुसवा परवडत नाही.

मग आवर्तनं मोजा. आमचं गाणं केरव्यात आहे, मिनिटाला 96 मात्रा. आठ मात्रांचं आवर्तन बरोबर 5 सेकंदांचं. चार ओळी, प्रत्येकीला दोन आवर्तनं, म्हणजे कडवं 40 सेकंदांचं. एवढ्या वेळात नवी वाद्यं एकदम ओतायची नाहीत. मधल्या ध्रुवपदात मृदंग आणि कोरस दोन्ही आले. दुसरं कडवं सुरू होताना कोरस गप्प, मृदंग मात्र चालू राहिला. दुसऱ्या ओळीला कीबोर्डवरचा बेस, नुसते सा आणि प. तिसरीला टाळ. चौथ्या ओळीच्या उत्तरार्धात कोरस पुन्हा, तोही खालच्या सप्तकात, म्हणजे गाणाऱ्याचे शब्द त्याखाली दबत नाहीत. ध्रुवपदातला कोरस तसाच पुढे चालू ठेवला असता, तर चौथ्या ओळीला द्यायला काहीच राहिलं नसतं.

पेटीचा सूर आधी तपासा. हे आम्ही एकदा विसरलो आणि अख्खी दुपार गेली. पहिलं कडवं गोड लागत होतं, दुसऱ्यात बेस आला की पोटात ढवळल्यासारखं व्हायचं. बुवा म्हणाले, "पेटी माझी बरोबर आसा, तुझा यंत्र बघ." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मोबाइलच्या ट्यूनरवर पेटीची मधली पांढरी सहा 444 दाखवत होती आणि कीबोर्ड 440 वर होता. फरक साधारण 16 सेंटचा. पेटी काही तिथल्या तिथे बदलता येत नाही, म्हणून कीबोर्ड तेवढा वर घेतला. पहिल्या कडव्यात पेटी एकटीच असल्यामुळे ही चूक लपून राहते, ती थर वाढल्यावर बाहेर येते. मृदंगाचंही तसंच. दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो. कणीक ताजी लावा, आणि दर टेकआधी पेटीच्या सा शी मिळवून बघा.

सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचा मोह टाळा. मृदंगाचा आवाज गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरला की पहिल्या कडव्यातून तो कितीही म्यूट केला तरी मागून धपधप येतच राहतो. आधी क्लिक कानात घेऊन पेटी आणि गाणं, मग तेच हेडफोनवर ऐकत मृदंग, टाळ शेवटी. टाळवाल्याला माइकपासून चार-पाच हात लांब बसवा. टाळ जवळून घेतले तर नुसते किणकिणतात आणि शब्दांमधले स, श खाऊन टाकतात. लाइट जाणार हे धरूनच चाला, प्रत्येक टेकनंतर सेव्ह करा.

गाणं जोडून झालं की दोन परीक्षा घ्या. दुसऱ्या कडव्याचा एकूण आवाज पहिल्याइतका खाली आणा आणि ऐका. वाढ गायब झाली, तर तुम्ही थर चढवले नव्हते, फक्त मोठ्याने वाजवलं होतं. मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण वाडीतले बहुतेक जण तिथेच ऐकणार. बेसचे खालचे सूर तिथे जवळजवळ ऐकूच येत नाहीत. वाढीचा सगळा भार बेसवर टाकला असेल, तर त्यांच्यासाठी दोन्ही कडवी सारखीच. आमच्या गाण्यात मृदंगाची चाटी आणि टाळ यांनी ते निभावलं. बेस नंतर आम्ही थोडा कमीच केला.