कटपाशी गती मरते: या चुका टाळा

नवशिक्यांच्या अ‍ॅनिमेशनपटांत एक दोष हमखास आढळतो: पहिल्या शॉटमधील हालचाल पूर्ण थांबते, मग कट येतो आणि दुसऱ्या शॉटमधील हालचाल पुन्हा शून्यापासून सुरू होते. प्रत्यक्ष चित्रीकरणात नट दोन्ही वेळा संपूर्ण क्रिया करतो आणि संकलक त्यातून हवा तो तुकडा घेतो. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र प्रत्येक शॉट स्वतंत्र फाइलमध्ये तयार होतो आणि अनेक सॉफ्टवेअर पहिल्या व शेवटच्या की-फ्रेमला आपोआप ईझ लावतात, म्हणजे आरंभी वेग हळूहळू वाढवतात आणि अखेरीस हळूहळू कमी करतात, म्हणून कटपाशीच वेग मरतो.

एका विद्यार्थ्याच्या लघुपटात मुलगा विहिरीच्या कठड्यावरून उडी मारतो आणि शाळेच्या पटांगणात उतरतो, अशी सुंदर कल्पना होती. त्याने कट नेमका उडीच्या सर्वोच्च बिंदूवर ठेवला होता, जिथे वर जाण्याचा वेग मुळातच संपलेला असतो. त्यात ईझची भर पडल्याने मुलगा हवेत लटकल्यासारखा दिसे. ते झाकण्यासाठी त्याने एक दृश्य विरत असताना दुसरे उमटवणारा डिझॉल्व्ह घातला आणि एकाऐवजी दोन मुले लटकू लागली. डिझॉल्व्हने गतीची चूक सुधारत नाही, हे किती वेळा सांगावे!

आम्ही संपूर्ण उडी एकाच फाइलमध्ये, 24 फ्रेममध्ये केली आणि मगच ती दोन पार्श्वभूमींवर वाटली. पहिला शॉट सोळाव्या फ्रेमपर्यंत, म्हणजे मुलगा वेगाने खाली येत असेपर्यंत चालवला आणि दुसरा पंधराव्या फ्रेमपासून सुरू केला. दोन फ्रेमची ही पुनरावृत्ती नव्या चौकटीत रुळायला डोळ्यांना अवधी देते. ती अडखळल्यासारखी वाटली, तर एक फ्रेम काढावी. तरीही कट खटकत होता, कारण पहिल्या शॉटच्या अखेरीस मुलगा पडद्याच्या उजव्या भागात होता आणि दुसऱ्यात डावीकडे. चौकट सरकवून त्याला त्याच जागी आणल्यावर कट दिसेनासा झाला. मी अजूनही पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक लावून प्रत्येक फ्रेमला नाकाच्या जागी ठिपका काढतो. कटच्या दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांतील अंतर अचानक घटले, तर चूक तिथेच आहे.

व्हिप पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा झटक्यात बाजूला फिरवून दृश्य बदलताना, दोन्ही दृश्यांचा पॅन एकाच दिशेने आणि कटच्या क्षणी सारख्याच वेगाने चालला पाहिजे. ईझ केवळ पहिल्याच्या आरंभी आणि दुसऱ्याच्या अखेरीस द्यावा. पात्रे दोन-दोन फ्रेमवर हलत असली, तरी पॅन प्रत्येक फ्रेमला हलवावा, नाहीतर पार्श्वभूमी थरथरते. तयार प्रीसेट लावून मोकळे होणाऱ्यांचा ब्लर बहुधा चहूकडे पसरलेला असतो. तो फक्त पॅनच्या दिशेने असावा.

ऑब्जेक्ट वाइपसाठी, म्हणजे वस्तूच्या आडून दृश्य बदलण्यासाठी, पुढून जाणाऱ्या वस्तूने किमान एक फ्रेम चारही कोपऱ्यांसह संपूर्ण चौकट झाकली पाहिजे. बस निवडणाऱ्यांना तिच्या खिडक्यांतून जुने दृश्य दिसत राहते, याचा विसर पडतो. मी खांब किंवा बंद ट्रक वापरतो.