मधमाशी चावली तर: पहिल्या तासात काय बघायचं आणि दुसऱ्या दिवशी कशाला घाबरायचं नाही

मधमाशी चावल्यावर आपण बहुतेक वेळा भलत्याच वेळी घाबरतो. चावल्या चावल्या "माशीच तर चावली, त्यात काय" म्हणून माणूस दार लोटून एकटाच आडवा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजून टम्म झाला की घरभर धावपळ सुरू होते. जीवघेणी ॲलर्जी यायची असेल तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, फार तर तासा-दोन तासांत येते. दुसऱ्या दिवशीची सूज दिसायला भयंकर असते, पण सहसा जिवावर बेतत नाही.

माझ्या आत्याला गेल्या वर्षी असाच डंख झाला. कुंडीतली वाळकी पानं काढताना उजव्या हाताच्या पाठीवर, अनामिकेच्या खाली. वेळ दुपारी सव्वाचार. पुढचे नऊ दिवस तिच्या हाताचं काय झालं ते मी जवळून पाहिलं, म्हणून तिच्याच हाताच्या आधाराने सांगते.

नांगी: कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती आपल्या कातडीत रुतली की निघत नाही. माशी उडते आणि नांगी, विषाची पिशवी, विष ढकलणारे स्नायू असं सगळं तुटून मागे राहतं. नीट पाहिलंत तर कातडीत रुतलेला बारीक काळसर काटा आणि त्याच्या वरच्या टोकाला मोहरीहूनही लहान, पांढुरकी पिशवी दिसते. माशी निघून गेलेली असते, तरी ते स्नायू हलत असतात आणि पिशवीतलं विष आत ढकलत असतात. बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत जातं.

"चिमटीत धरू नका, कार्डाने खरवडून काढा" हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. 1996 मध्ये संशोधकांनी हे चक्क स्वतःवर डंख करवून तपासलं. चिमटीने काढा नाहीतर खरवडून, कातडीवर उठणाऱ्या गांधीच्या आकारात फरक पडला नाही. उशीर झाला तसा मात्र ती मोठी होत गेली. तेव्हा कार्ड शोधायला घरात जाऊ नका, नखाने जमेल तशी उपटून टाका. दहा मिनिटांनी लक्षात आलं तरीही काढाच, फक्त मग घाई नको. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही, त्यामुळे ती चावली असेल तर जागा टोकरत बसू नका.

आणि हे सगळं जागेवर उभं राहून करू नका. रुतलेल्या नांगीतून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो इतर माश्यांना बोलावतो. पोळं जवळ असेल तर आधी पळा, पळतापळता नांगी काढा.

मग अंगठी, पाणी, बर्फ आणि घड्याळ

आत्याने नांगी झटकन काढली, पण अंगठी राहिली होती. मी ती साबण लावून ओढून काढली आणि एका तासाने कळलं की ती तेव्हाच निघाली म्हणून बरं. बोट सुजल्यावर अंगठी फास होते आणि शेवटी कापावी लागते. हातावर डंख असेल तर बांगड्या, कडं, घड्याळ सगळं लगेच उतरवा; पायावर असेल तर जोडवी.

त्यानंतर जागा साबण-पाण्याने धुवायची, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरायचा, थोडा वेळ काढायचा, पुन्हा धरायचा. उघडा बर्फ कातडीवर नको. हात उशीवर उंच ठेवायचा. टूथपेस्ट, सोडा, व्हिनेगर यांच्या नादी लागू नका. विष कातडीच्या खाली गेलेलं असतं, वर चोपडलेलं तिथवर पोचत नाही.

आणि चावल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. पुढे डॉक्टरांना याच आकड्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

पहिला अर्धा-पाऊण तास: डंखापासून लांब काय होतंय ते बघा

या वेळात चावलेल्या माणसाला एकटं सोडू नका. त्याने आंघोळीला जाऊ नये, गाडी चालवू नये, दार लावून झोपू नये. आणि तुमची नजर डंखावर नको, बाकीच्या अंगावर हवी.

नियम सोपा आहे. हातावर चावली आणि हात सुजला, तर ती डंखाला लागून असलेली सूज. हातावर चावली आणि ओठ सुजला, तर विषाची ॲलर्जी सगळ्या अंगभर गेली आहे. मी आत्याला दर पाच मिनिटांनी तेच ते प्रश्न विचारत होते: तळहात-तळपाय किंवा डोकं खाजतंय का? अंगावर कुठे गांधी उठल्यात का? पापण्या, ओठ, जीभ जड वाटतेय का? घसा आवळल्यासारखा होतोय का? आणि तिला बोलतं ठेवलं होतं, कारण आवाज घोगरा झाला, सारखा खोकला येऊ लागला किंवा श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला की ते ऐकूनच कळतं. पोटात मुरडा येणं, उलटी, एकाएकी शौचाला लागणं यांचा संबंध लोक माशीशी लावत नाहीत, पण तीही याच ॲलर्जीची लक्षणं आहेत. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, पांढराफटक चेहरा आणि "मला काहीतरी भयंकर होतंय" ही भावनासुद्धा. ती भावना मनाचे खेळ म्हणून झटकू नका.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. काही जणांना अंगावर एकही गांधी न उठता थेट रक्तदाब कोसळून भोवळ येते. कातडी स्वच्छ आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं नव्हे.

नुसत्या अंगभर गांधी उठल्या असतील तरी दवाखाना गाठावा. पण श्वास, घसा किंवा जीभ, रक्तदाब यांपैकी काहीही बिघडलं, किंवा गांधींच्या जोडीला उलट्या-मुरडा सुरू झाला, तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरलेली जीवघेणी ॲलर्जी, आहे असंच धरून चालायचं. तोंडात किंवा घशात चावली असेल तर ॲलर्जी नसतानाही नुसत्या सुजेने श्वास अडू शकतो, आणि एकदम डझनावारी डंख झाले असतील तर विषच जास्त होतं. या दोन्ही वेळी लक्षणांची वाट न बघता निघायचं.

ॲनाफिलॅक्सिस दिसला तर

यावर एकच पहिलं औषध आहे: ॲड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. ज्यांना आधी असा त्रास झाला आहे त्यांच्यापैकी काहींकडे डॉक्टरांनी दिलेला ऑटोइंजेक्टर, म्हणजे ठरलेला डोस भरलेलं, स्वतःच टोचता येणारं इंजेक्शन, असतो. तो कपड्यांवरूनही टोचता येतो. त्यावर लिहिलेले सेकंद दाबून धरायचा आणि वेळ बघायची. पाच मिनिटांत सुधारणा नसेल आणि दुसरा हाताशी असेल तर तोही द्यायचा. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी इथे उपयोगाची नाही. ती खाज आणि गांधी कमी करते, तेही हळूहळू. बंद होणारा घसा किंवा कोसळणारा रक्तदाब ती थांबवत नाही. "गोळी दिली आहे, बघू फरक पडतो का" या वाट बघण्यातच हातची वेळ निघून जाते.

रुग्णवाहिका बोलावताना "माशी चावली" म्हणून थांबू नका, "ॲनाफिलॅक्सिस, श्वास लागलाय" असं स्पष्ट सांगा. तोवर माणसाला सपाट झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्या; गरोदर बाईला डाव्या कुशीवर. पण उभं करू नका, बाथरूमपर्यंतही चालवत नेऊ नका. या अवस्थेत रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, उभं राहिल्याबरोबर रक्त पायांत उतरतं आणि हृदयाकडे परतायला पुरेसं उरत नाही. झोपलेला माणूस उठून बसता बसता गेला, असंही घडलेलं आहे. इंजेक्शनने बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

आत्याच्या बाबतीत पाच वाजून गेले तरी यातलं काहीच झालं नाही. हात तेवढा ठणकत होता.

दुसरा दिवस: सूज, खाज आणि पेनाची रेघ

सकाळी सूज मनगट ओलांडून अर्ध्या हातापर्यंत आली होती. हात लाल, गरम आणि खाजून बेजार. "विष चढतंय," आत्या म्हणाली. शेजारणीने अँटिबायोटिक सुचवलं.

काही जणांची सूज डंखाभोवती दहा सेंटीमीटरच्याही पुढे पसरते. ती एक-दोन दिवस वाढत राहते आणि पूर्ण उतरायला पाच ते दहा दिवस घेते. हीसुद्धा ॲलर्जीच, पण त्या जागेपुरती. लाली आणि गरमपणा बघून जंतुसंसर्ग वाटतो, मात्र पहिल्या दिवसभरात तो सहसा होत नाही. मी बॉलपेनने सुजेच्या कडेने रेघ ओढली आणि शेजारी "सकाळी 9" लिहिलं. संध्याकाळी सूज रेघेच्या दोन बोटं पुढे होती, तिसऱ्या दिवशी सकाळी रेघेच्या आत आली. उलट घडलं असतं, म्हणजे उतरू लागलेली सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढली असती, खाजेऐवजी ठणका वाढला असता, पू किंवा ताप आला असता, तर तो जंतुसंसर्ग समजून डॉक्टरांकडे नेलं असतं.

खाजेसाठी तिने सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम, रोज रात्री एक गोळी घेतली. या गोळीने झोप येते, म्हणून रात्री. हा मोठ्यांचा डोस आहे. लहान मुलं, गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सोबत 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीमचा पातळ थर दिवसातून दोनदा लावला. ते आठवड्याहून जास्त दिवस नको, डोळ्यांजवळ नको, सोललेल्या कातडीवर नको. डास-मुंग्यांच्या चाव्यालाही हेच पुरतं. खाज फारच उठली की ती पुन्हा बर्फ धरायची, कारण गारव्याने खाज लगेच दबते. नखं मात्र आम्ही पहिल्याच दिवशी कापली होती. जंतू आत शिरतात ते खाजवून सोललेल्या जागेतूनच.

पुढच्या वेळेचं काय

नुसती मोठी सूज आलेल्यांपैकी दहात एकापेक्षाही कमी जणांना पुढच्या डंखाला अंगभर त्रास होतो, असा साधारण अंदाज आहे. ज्यांना एकदा अंगभर त्रास झाला आहे त्यांनी मात्र ॲलर्जीतज्ज्ञ गाठावा. विषाचे वाढते सूक्ष्म डोस टोचून शरीराला सवय लावणारा उपचार आहे. तो तीन ते पाच वर्षं चालतो आणि मोठं संरक्षण देतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

आत्याची अंगठी नवव्या दिवशी बोटात परत गेली, तीही साबण लावून.