टोमॅटोच्या रश्श्यात अंडी फोडून टाकताय? मग या चुका टाळा

परवा रविवारी कोथरूडला मावसबहिणीकडे गेलो होतो, तिने अर्धा किलो टोमॅटोचा कांदा-लसूण मसाला घालून झणझणीत रस्सा केला, त्यात चार अंडी फोडली आणि खाली बेकरीत पाव आणायला गेली. कढई उघडीच, गॅस मोठा. आठ मिनिटांनी बघतो तर बलक टणक, आणि बलकाच्या कडेचं पांढरं वरून अजून चिकट!

असं का होतं बघा. बलक साधारण ६५ ते ७० डिग्रीला घट्ट व्हायला लागतो, पण पांढरं नीट सेट व्हायला ८० च्या आसपास जावं लागतं. त्यामुळे नुसती खालून आच दिली तर बलक खालून शिजत जातो आणि वरचं पांढरं कच्चंच राहतं, म्हणून वरून वाफ मिळालीच पाहिजे, झाकण हवंच. झाकणाला आतून फडकं बांधा (टोकं वर घ्या, गॅसकडे लोंबायला नकोत), नाहीतर पाण्याचे थेंब अंड्यांवर पडतात.

दुसरी चूक पातळ रस्सा. त्यात पांढरं पसरतं, तंतू तंतू होतात. चमचा ओढला की पॅनचा तळ दिसला पाहिजे आणि रस्सा हळूहळू परत जुळला पाहिजे, एवढाच दाट हवा. फार आटला तर खाली लागतो आणि वाफही धरत नाही, मग दोन-तीन चमचे गरम पाणी घाला. आणि खोल कढई नको, सगळी अंडी मध्ये गोळा होतात, पसरट पॅन घ्या.

दुपारी उरलेल्या रश्श्यात परत केलं. गॅस बारीक, चमच्याच्या पाठीने चार खड्डे केले, अंडं आधी वाटीत फोडून मग अलगद खड्ड्यात सोडलं (शिळ्या अंड्याचं पांढरं पाण्यासारखं असतं, ते वाटीतच कळतं, वरचं पाणी ओतून टाकायचं). मग थोडा गरम रस्सा चमच्याने फक्त पांढऱ्यावर घातला, बलकावर नाही, आणि झाकण. पाचव्या मिनिटाला पॅन हलकेच हलवला: पांढरं जागेवर आणि बलक थुलथुलतोय, लगेच गॅस बंद. फ्रिजमधून काढलेली अंडी असतील तर मिनिटभर जास्त लागेल.

बलकावर पांढुरकी साय आली म्हणून घाबरू नका, तो पांढऱ्याचाच पातळ थर असतो, आत बलक मऊच असतो. पण गॅस बंद केल्यावर पॅन तसाच ठेवून गप्पा मारत बसलात तर रश्श्याच्या उष्णतेने अंडी शिजतच राहतात, दोन-तीन मिनिटांत बलक घट्ट. म्हणून पाव आधी भाजून ठेवा, माणसं आधी ताटावर बसवा. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजी-आजोबा असतील तर त्यांची अंडी मात्र पूर्ण शिजवूनच द्या.