पायलिंगमध्ये धोंडे लागले: माझा पहिला प्रोलाँगेशन क्लेम

प्लॅनिंगमध्ये नवीन असताना मला वाटायचं, जमिनीखाली अनपेक्षित काही निघालं की वाढीव मुदत आणि त्या मुदतीतल्या साइटखर्चाचे पैसे, म्हणजे प्रोलाँगेशन, आपसूक मिळतात. पहिला मसुदा परत आला तेव्हा कळलं, धोंडे सिद्ध करणं हा त्यातला सोपा भाग.

काम ८० पाइल्सचं, म्हणजे पायाखालच्या खोल खांबांचं होतं. दोन ड्रिलिंग रिग, प्रत्येकी दिवसाला एक पाइल, म्हणजे ४० कामाचे दिवस. १४ व्या पाइलला नऊ मीटरवर रिग अडलं. शिफ्टच्या नोंदवहीत फोरमनने लिहिलं होतं: "११.४० पासून चिझेल चालू, संध्याकाळपर्यंत प्रगती ३० सेंटिमीटर." पुढे सगळा क्लेम या एका ओळीवर उभा राहिला. टेंडरसोबतच्या जमीन तपासणीच्या सहाही बोअर लॉगमध्ये १५ मीटरपर्यंत घट्ट वाळू होती, धोंड्यांचा उल्लेख नव्हता आणि पूर्वेच्या पट्ट्यात एकही बोअर घेतलेलं नव्हतं. त्या पट्ट्यातल्या २४ पाइल्सना सरासरी तीन-तीन दिवस लागले.

आमचा करार फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना करारावर होता. त्यात ४.१२ हे कलम अशा अनपेक्षित भौतिक परिस्थितीचं. त्याखाली मुदत आणि खर्च मिळतो, नफा मिळत नाही. पण २०.१ प्रमाणे घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती चुकली तर क्लेमच संपतो. आमची नोटीस १९ व्या दिवशी गेली. "नक्की किती उशीर होतोय ते कळू दे, मग लिहू" म्हणत आम्ही एवढे दिवस घालवले, हे आजही खटकतं. नोटिशीत आकडा लागतच नाही.

आता टाइम इम्पॅक्टचा भाग, म्हणजे घटनेमुळे पूर्णत्वाची तारीख किती सरकली ते काढणं. मी सुरुवातीचं मूळ वेळापत्रक, म्हणजे बेसलाइन, घेऊन त्यात उशीर घातला होता, ते चुकलं. धोंडे लागण्याच्या लगेच आधीचं वेळापत्रकाचं अपडेट घ्यायचं, कारण त्या दिवशी काम खरोखर कुठे होतं ते त्यातच दिसतं. त्या अपडेटमध्ये आम्ही आधीच पाच दिवस मागे होतो, रिग उशिरा आणल्यामुळे. ते पाच दिवस आमचेच. नॅरेटिव्हमध्ये मी ते स्वतःहून लिहिले, आणि त्यामुळे क्लेम तपासणाऱ्या इंजिनिअरने पुढचं वाचलं असं माझं मत आहे.

मग घटनेमुळे वाढलेल्या कामांचं छोटं जाळं त्या अपडेटमध्ये जोडायचं. २४ पाइल्सचे प्रत्येकी दोन जादा दिवस म्हणजे ४८ रिग-दिवस. दोन्ही रिग त्याच पट्ट्यात होती, म्हणून २४ कामाचे दिवस. पायलिंग आणि पाइल कॅप यांच्यात सहा दिवसांचा फ्लोट, म्हणजे मोकळा वेळ होता, तो आधी संपला. पूर्णत्वाची तारीख सरकली ती १८ कामाचे दिवस. आठवड्याला सहा दिवस काम, म्हणजे कॅलेंडरचे २१. वॉचमन आणि साइट ऑफिसचं भाडं रविवारीही चालू असतं, म्हणून खर्चाचा हिशेब २१ वर.

माझी सर्वांत मोठी चूक पैशांत झाली. मुदत शेवटी वाढते, तेव्हा खर्चही शेवटच्या २१ दिवसांचा, असं मी धरलं. फिनिशिंगच्या काळात माणसं भरपूर, दोन टॉवर क्रेन, सगळंच मोठं. हिशेबापुरता पायलिंगच्या वेळचा साइटखर्च दिवसाला १०० धरा. शेवटी तो २४० होता. मी २१ गुणिले २४०, म्हणजे ५०४० मागितले. खरा आकडा २१ गुणिले १००, म्हणजे २१०० च्या आसपास. उशिराचा परिणाम ज्या दिवसांत झाला त्या दिवसांचा खर्च लागू होतो. बांधकाम कायद्यावरच्या ब्रिटिश संस्थेचा, एससीएलचा, विलंबाबाबतचा प्रोटोकॉलही हेच सांगतो. आणि तोही प्रत्यक्ष झालेला: पगारपत्रक, भाड्याची बिलं, विम्याचा हप्ता. टेंडरमधला दर चालत नाही.

दुसरी गल्लत म्हणजे चिझेल, जादा डिझेल, रिगचे वाढीव तास हे सगळं मी याच तक्त्यात टाकलं. हा धोंडे फोडायचा थेट खर्च, तो वेगळ्या शीर्षकाखाली जातो. प्रोलाँगेशनमध्ये फक्त काळाबरोबर वाढणारा खर्च येतो. दोन्हीकडे एकच बिल सापडलं की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

सुधारलेल्या मसुद्यावर इंजिनिअरचा मुख्य आक्षेप होता की अनुभवी कंत्राटदाराने हे ओळखायला हवं होतं. आम्ही बोअरचा नकाशा पाइलच्या नकाशावर ठेवून पाठवला. पूर्वेची रिकामी पट्टी नुसत्या नजरेला दिसत होती. २१ दिवस मंजूर झाले. पैशांतून कापलं ते फक्त क्रेनचं भाडं, तेही पूर्ण नाही. त्याने डिलिव्हरी चलन मागवलं. क्रेन साइटवर आली होती उशीर सुरू झाल्यानंतर नऊ दिवसांनी, त्यामुळे भाडं मिळालं १२ दिवसांचं.