वरणाच्या वाटीत २२ ग्रॅम प्रोटीन? हिशोबातल्या या चुका टाळा

माझा भाचा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो आणि तालुक्याच्या जिममध्ये जातो. वजन ६० किलो. किलोमागे १.६ ग्रॅम धरून त्याने रोजचं टार्गेट ९६ ग्रॅम ठरवलं होतं. व्यायाम करणाऱ्यासाठी ते ठीकच आहे, साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं. वहीत दिवसाची बेरीज १०३ आली होती. "मामा, झालं ना जी मग!" म्हणाला. मी वही पाहिली आणि वरणापाशीच थांबलो. दोन वाट्या, ४४ ग्रॅम.

तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण ते कोरड्या डाळीत. वरणाच्या वाटीत बहुतेक पाणीच असतं. मग आम्ही कुकर लावण्याआधी डाळ काट्यावर ठेवली. घरातल्या पाच जणांसाठी १५० ग्रॅम भरली, म्हणजे प्रोटीन ३३ ग्रॅम. शिजवून, पाणी घालून, फोडणी देऊन वरण आठ वाट्या झालं. वाटीला जेमतेम ४ ग्रॅम. त्याचे ४४ चे राहिले ८.

वाटी मोजण्यापेक्षा हीच रीत धरा: कच्चा जिन्नस तोला आणि शिजल्यावर किती वाट्या झाल्या त्याने भागा. वाढताना वरण तळापासून ढवळायचं, नाहीतर पहिल्याच्या ताटात वरचं पाणी आणि शेवटच्याच्या ताटात सगळं गाढं. आमच्याकडे ते गाढं नेहमी आजोबांच्या ताटात जायचं, त्यामुळे हिशोबातलं प्रोटीन त्यांनाच मिळत होतं.

भातात तीच चूक. कच्च्या तांदळाचा ७ चा आकडा त्याने शिजलेल्या वाटीला लावला होता, म्हणजे दोन वाट्यांचे १४. एका वाटीत कच्चा तांदूळ साधारण ५० ग्रॅम असतो, तेव्हा दोन्ही मिळून ७ धरा. पोळी-भाकरीचा हिशोब मात्र बरोबर निघाला, कारण तिथे त्याने पीठ तोललं होतं: सकाळच्या तीन पोळ्यांचे १२ आणि रात्रीच्या दोन जाड ज्वारीच्या भाकरींचे १६. भाजी ५, दह्याची वाटी ५, पेलाभर दूध ७. नवी बेरीज ६०. म्हणजे ३६ कमी.

इथे बरेच जण पोळ्या वाढवतात. ३६ ग्रॅम नुसत्या पोळ्यांतून काढायचे तर आणखी नऊ लागतील. शिवाय ज्वारी-गव्हात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. म्हणून भाकरीबरोबर झुणका हा जुना मेळ इथेही कामाचा आहे. शेंगदाण्यांवरही फार भिस्त नको. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, पण सोबत साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात.

त्याच्यासाठी आम्ही तीन गोष्टी घातल्या. रात्रीच्या भाजीऐवजी झुणका, त्याच्या वाट्याला ५० ग्रॅम बेसन येईल इतका: ११ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम सोयावडीचा रस्सा: १५ ग्रॅम. जिमहून आल्यावर ६० ग्रॅम फुटाणे: १२ ग्रॅम. भाजीचे दोन वजा झाले, म्हणून भर ३६ ची आणि बेरीज बरोबर ९६. पोटात पचताना यातला थोडा भाग वाया जातो, तेव्हा आकडा असा काठावर ठेवू नका. एक जास्तीची वाटी दही किंवा मूठभर मटकी हाताशी असू द्या.

सोयावडी तोलताना पुन्हा तीच गफलत होते. कोरड्या वडीत निम्म्याच्या वर प्रोटीन असतं, पण भिजून पिळलेली वडी जवळपास तिप्पट जड भरते. ओली ३० ग्रॅम तोलली तर १५ ऐवजी ५ च ग्रॅम मिळतात, आणि वहीत मात्र १५ लिहिले जातात. घरच्या वावरातलं सोयाबीन खायचं असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. कच्च्या दाण्यातला एक घटक प्रोटीन नीट पचू देत नाही.

उपासाचा दिवस वहीत वेगळा लिहा. साबुदाण्यात प्रोटीन नसल्यासारखंच, खिचडीत जे काही येतं ते दाण्याच्या कुटातून. त्या दिवशी भगर, राजगिरा आणि दही-दूध वाढवलं तरी ९६ गाठणं अवघडच. भाच्याचा सोमवार असतो, तो त्या दिवशी ५० वर समाधान मानतो.

किडनीचा त्रास असेल तर यातला कुठलाच आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

भाच्याने आता काटा चुलीजवळच्या फळीवर ठेवला आहे. ताई कुरकुरते, पण डाळ टाकण्याआधी आकडा मोठ्याने सांगते.