मोगल साम्राज्याचा ऱ्हास एका पानात: लिहायला बसण्याआधीची तयारी

पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाची झेरॉक्स, पेन्सिल, चारदोन कोरे कागद. यावर जास्त बोलत नाही. झेरॉक्स मात्र हवीच, कारण समासात लिहायचं आहे आणि या तयारीतलं खरं काम समासातच होतं. प्रत्येक कारणासमोर साल लिहायचं. बाकी काही विसरलात तर पान थोडं कुरूप होईल, पण हे विसरलात तर पान खोटं होईल.

लालबागला आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत दिवसा कामाला जाऊन बाहेरून बीए करणारी मुलं येतात. त्यांच्यासाठी मी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचं प्रकरण एका पानावर आणलं होतं. पान दिसायला छान होतं, लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचून व्हायचं. मग सराव परीक्षेच्या उत्तरांत एकामागून एक तेच वाक्य दिसायला लागलं: नादिरशहाच्या स्वारीने साम्राज्य मोडलं आणि त्यामुळे बंगाल, अवध, हैदराबाद स्वतंत्र झाले. मुलांचा काही दोष नव्हता, माझ्या पानावरून तसंच वाटत होतं. नादिरशहाने कर्नाळला मोगलांना हरवलं ते १७३९ साली. मुर्शिदकुली खान बंगालचा सुभेदार झाला १७१७ मध्ये, सादतखान अवधला आला १७२२ मध्ये, आणि निजामाने साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खन धरलं १७२४ मध्ये. म्हणजे नादिरशहा आला तेव्हा दिल्लीच्या हातून बरंच काही आधीच निसटलेलं होतं. तो येऊ शकला तो त्यामुळेच.

घोळ होतो कुठे, ते कळलं पाहिजे. पाठ्यपुस्तक काळाच्या क्रमाने जात नाही, ते कारणांचे खण पाडतं: राजकीय, आर्थिक, लष्करी, धार्मिक, परकीय आक्रमणं. चाळीस पानांत ते खपतं, कारण प्रत्येक खणात तारखा विखुरलेल्या असतात आणि वाचणारा त्या मनात जुळवत जातो. आपण एका पानासाठी काटछाट करतो तेव्हा पहिल्यांदा उडतात त्या तारखा, राहतात ते खण. मग परकीय आक्रमण हे जागिरीच्या टंचाईच्या शेजारी, त्याच वजनाचं ‘कारण’ होऊन बसतं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी साल आणि मग काटछाट. हा क्रम उलटा झाला की सालं शोधायला परत त्या चाळीस पानांत शिरावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

पहिलं वाचन पेन्सिल न धरता करा. पेन्सिल हातात असली की सगळंच महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या वाचनात समासात फक्त सालं लिहायची. काही गोष्टी एका सालात मावत नाहीत, तिथे ‘पासून–पर्यंत’ लिहा. औरंगजेबाची दक्षिणेतली मोहीम १६८१ ते १७०७, म्हणजे त्याच्या मरणापर्यंत. जागिरींची ओढाताण विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) घेतल्यावर वाढली, कारण तिथल्या सरदारांना आणि फोडलेल्या मराठा सरदारांना मनसबी आणि त्यांच्या पगारापोटी जागिरी द्याव्या लागल्या. समासात एवढी सालं आली की तुमच्या लक्षात येईल, मुळातली भेग औरंगजेब जिवंत असतानाच पडलेली आहे. १७०७ ही ऱ्हासाची सुरुवात नव्हे, पुस्तकाने सोयीसाठी धरलेली खूण आहे.

आणि ज्या कारणासमोर साल लिहिताच येत नाही, तिथे थांबा. ‘सरदारांचा ऐषाराम’, ‘राज्यकर्त्यांचं नैतिक अधःपतन’ असली कारणं जुन्या पुस्तकांत हमखास भेटतात. कधीपासून ऐषाराम? शाहजहानच्या दरबारात काय कमी होता? तेव्हा साम्राज्य का नाही कोसळलं? ज्याला साल नाही आणि ‘पासून–पर्यंत’ही नाही, ते बहुतेक वेळा लेखकाचं मत असतं. मत असायला हरकत नाही, पण पानावर ते मत म्हणूनच यावं, नाहीतर येऊ नये. मी तर सरळ खोडतो.

आता जागीर. अख्ख्या पानातली सर्वांत जास्त जागा याच गोष्टीला द्या, कारण बाकीचं तिच्यावर उभं आहे आणि मुलांना तीच कळत नाही. ‘जागीर’ म्हटलं की त्यांना वडिलोपार्जित वाडा-जमीन दिसते. मोगलांची जागीर तशी नव्हती. सोसायटीने वॉचमनला पगार देण्याऐवजी सांगावं की तळमजल्यावरच्या अमुक गाळ्याचं भाडं तू वसूल कर आणि ठेव. गाळा त्याचा होत नाही, भाडं तेवढं त्याचं, आणि तीनचार वर्षांनी त्याला दुसऱ्या गाळ्यावर बदललं जातं. हे पानावर असंच लिहिलं तरी चालेल, फक्त एक भर घाला: जागीरदाराला त्याच वसुलीतून घोडेस्वारही पोसावे लागत. मग पुढचं आपोआप उलगडतं. कागदावर नोंदलेला सारा, ज्याला पुस्तक ‘जमा’ म्हणतं, आणि खरोखर हाती आलेला, म्हणजे ‘हासिल’, यांत फरक पडत गेला. दख्खनमध्ये तर युद्ध चालू, गावं उजाड, चौथाई मागणारे मराठे दारात. तिथे कागदावरचा आकडा कागदावरच राहायचा. वसुली आली नाही की स्वार कमी ठेवले जातात, स्वार कमी की वसुली आणखी घटते. शिवाय बदली होणारच, म्हणून हातात आहे तोवर शेतकऱ्याला पिळून घ्यायचं. ‘जमा’ आणि ‘हासिल’ हे शब्द परीक्षेला लागतात म्हणून ठेवा, बाकीचे फारसी शब्द गाळा.

इथे इतिहासकारांचं एकमत नाही, हेही एका ओळीत यायला हवं. सतीशचंद्र जागिरीच्या टंचाईवर बोट ठेवतात, इरफान हबीब शेतकऱ्यांच्या पिळवणुकीवर आणि त्यातून झालेल्या उठावांवर. पुस्तक दोघांना एकाच परिच्छेदात घालतं आणि मूल समजतं की हे एकच म्हणणं आहे. नावानिशी दोन वाक्यं वेगळी करा, पुरे.

साधी भाषा म्हणजे छोटे शब्द नव्हेत. कोणी काय केलं, ते वाक्यात दिसणं म्हणजे साधी भाषा. पुस्तकी वाक्य असं असतं: ‘उत्तरकालीन सम्राटांच्या दुर्बलतेमुळे व दरबारी गटबाजीमुळे केंद्रसत्तेचे विघटन झाले.’ यात एकही माणूस नाही, आणि पाहा, एकही साल नाही. आता हे: ‘१७१३ मध्ये दरबारातल्या सय्यद बंधूंनी फर्रुखसियरला तख्तावर बसवलं आणि १७१९ मध्ये त्यांनीच त्याला उतरवून मारलं. त्या एका वर्षात दिल्लीच्या तख्तावर चार जण दिसले. वर कोण टिकणार याचा भरवसा उरला नाही, तेव्हा दूरच्या सुभेदारांनी हाती आलेला सुभा सोडायचं बंद केलं.’ शब्द जास्त झाले, कबूल. पण हे लोकलमध्ये एका वाचनात कळतं, आणि सुभे १७१७ ते १७२४ याच काळात का सुटले ते वेगळं सांगावं लागत नाही. बादशहांची यादी देऊ नका. औरंगजेब, फर्रुखसियर, मुहम्मदशहा एवढे तीन पुरतात.

‘सुभे स्वतंत्र झाले’ हेही जपून. मुर्शिदकुली खान दिल्लीला सारा पाठवत राहिला. निजामाने बादशहाचं नाव कधी टाकलं नाही. झालं ते असं की नेमणुका आणि पैसा यांवरचा निर्णय दिल्लीऐवजी सुभ्यात व्हायला लागला. ‘नाव बादशहाचं, कारभार सुभेदाराचा’ असं लिहा, म्हणजे पुढे इंग्रज कंपनीनेही १८३५ पर्यंत रुपयावर बादशहाचं नाव का ठेवलं, ते कळायला सोपं जातं.

मराठ्यांबद्दल एक सूचना, आणि ती आपल्याच लोकांना. हात आवरा. आपल्याकडे पान लिहायला घेतलं की अर्धं पान बाजीरावच खातो. साम्राज्याच्या दृष्टीने दोन गोष्टी पुरतात: सत्तावीस वर्षांचं युद्ध आणि १७१९ च्या सनदा. बाळाजी विश्वनाथ त्या साली दिल्लीला चाल करून गेलेला नव्हता, तर सय्यद बंधूंपैकी हुसेनअलीच्या बाजूने फौज घेऊन गेला होता, आणि परतताना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा त्याच्या हाती आल्या. मराठे बाहेरून भिंत पाडत होते हे चित्र इथे अपुरं पडतं, कारण १७१९ मध्ये ते दरबाराच्या भांडणात आतूनच सामील होते. साल लिहिलं नसतं तर हे माझ्याही नजरेतून सुटलं असतं.

आता एक कोरा कागद आडवा धरा आणि समासातली सालं डावीकडून उजवीकडे लावा. खण विसरा. १६८१, १६८७, १७०७, १७१३, १७१७, १७१९, १७२२, १७२४, १७३९. दोन सालांमध्ये ‘त्यामुळे’ बसतं का ते पाहा. बसत नसेल तर ‘त्यानंतर’ लिहा. या दोहोंची गल्लत करू नका. आणि ‘त्यामुळे’चा बाण उजवीकडून डावीकडे जात असेल तर तिथेच माझ्यासारखा नादिरशहा झालाय असं समजा. त्याने दिल्लीची लूट केली, मयूरासन नेलं, खजिना रिकामा केला, आणि जगाला दाखवलं की दिल्ली राखायला कोणी नाही. त्याचा परिणाम १७३९ च्या पुढे लिहा. मागे एक अक्षर नाही.

शब्दांचा हिशेब: ए-फोरवर वाचनीय टाइपात साडेतीनशेच्या आसपास मराठी शब्द मावतात. शंभरएक जागिरीला, साठ-सत्तर तख्ताच्या भांडणांना, तेवढेच सुभ्यांना, त्याहून कमी मराठ्यांना, नादिरशहाला चाळीसच्या वर नाहीत. उरलेले सुरुवातीला आणि इतिहासकारांच्या त्या ओळीला. पानिपत आणि प्लासी पुढच्या प्रकरणात असतात, इथे ओढू नका.

लिहून झालं की प्रकरण न वाचलेल्या कोणाला तरी द्या. मी वहिनीला दिलं. ‘कळलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. पान काढून घ्या आणि विचारा, आधी काय झालं, निजाम वेगळा झाला की नादिरशहा आला? उत्तर चुकलं तर पान चुकलं.

टाइप लहान करून जास्तीचं कोंबू नका, वाक्य काढा. ठळक अक्षरं फक्त सालांना. झेरॉक्सला देण्याआधी प्रत्येक साल पुस्तकाशी ताडून घ्या, १७२४ चं १७४२ टाइप करताना सहज होतं. पानाची पाठ कोरी ठेवा, मुलं तिथे शंका लिहून आणतात.