माझा अनुभव: दातांच्या दवाखान्याची गूगल जाहिरात वेळेनुसार बोली बदलूनही ऐकत नव्हती

लक्षण असं: दुपारी १ ते ५ दवाखाना बंद, तरी फोनचे क्लिक चालूच आणि पैसे वाया. त्या तासांची बोली उणे ५० टक्के केली, संध्याकाळची वाढवली. काही फरक नाही. डोकं फिरायची वेळ आली.

कारण बोलीच्या पद्धतीत होतं. `Target CPA`, म्हणजे एका अपॉइंटमेंटमागे किती खर्च हवा ते सांगून बोली गूगलवर सोडणं, लावलेलं असताना गूगल तासांनुसार केलेली वाढ-घट मानत नाही. जाहिरात कोणत्या वेळेत दिसावी, एवढंच पाळतं.

आधी `When and where ads showed` मध्ये ८ आठवड्यांचे वार आणि तास पाहिले. तिथे अपॉइंटमेंटची नोंद क्लिकच्या तासावर पडते. म्हणजे रात्री १० ला क्लिक करून सकाळी वेबसाइटवरून अपॉइंटमेंट घेणारा पेशंट रात्रीच्याच खात्यात दिसतो. म्हणून रात्र बंद करू नका.

मग `Ad schedule` मध्ये सोमवार ते शनिवार दोन पट्टे ठेवले: सकाळी ९ ते १, संध्याकाळी ५ ते ११. शेवटी जाहिरातीला जोडलेल्या फोन नंबरला, म्हणजे कॉल असेटला, वेगळं वेळापत्रक दिलं, फक्त कोणी फोन उचलणारं असतं तेवढंच. रात्री ९ नंतर जाहिरात दिसते, पण फोनचं बटण नाही. क्लिक थेट फॉर्मवर जातो. खात्याचा टाइम झोन भारताचा आहे ना, तेही तपासा. पट्टे त्यावरच चालतात.